पाळी, वाफा आणि तुटकी झोप: मूळ एकच, आणि ते पिशवीत नाही

उन्हाळ्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात कोकणपट्टीत सगळ्यांचंच अंग घामाने चिकट असतं. त्यामुळे सत्तेचाळीस वर्षांची बाई मे महिन्यात रात्री दोन वाजता भिजून उठली तर घरातल्यांना त्यात वेगळं काही वाटत नाही, आणि तिलाही वाटत नाही. मग जुलै येतो. बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो, बाकीचे चादरी ओढून झोपलेले असतात, आणि हिच्या छातीतून एकदम वाफ उठून मानेवर, तोंडावर चढते. तेव्हा कुठे शंका येते.

उकाडा आणि ही वाफ यांतला फरक ओळखणं तसं अवघड नाही. उकाडा हळूहळू वाढतो, घरातल्या सगळ्यांना जाणवतो आणि पंख्याखाली बसलं की कमी होतो. वाफ अचानक येते. छातीपासून वर चढते, कान-गाल तापतात, धडधडतं, घाम फुटतो आणि साधारण एक ते पाच मिनिटांत सगळं ओसरतं. ओसरल्यावर पुष्कळ जणींना हुडहुडी भरते, कारण तेवढ्या वेळात शरीराने खरोखरच उष्णता बाहेर टाकलेली असते. थर्मामीटर लावला तर ताप नसतो. ताप दिसला, वजन उतरत असलं, खोकला हटत नसला तर मात्र रात्रीचा घाम क्षयरोगाचाही असू शकतो. तो पाळीच्या खात्यावर टाकून गप्प बसू नये.

या वयात वाफा, मोडलेली झोप आणि बिघडलेली पाळी अशा तीन तक्रारी बहुधा मागेपुढे येतात, आणि बायका त्या तीन वेगळ्या दारी नेतात. वाफांना ‘अंगात उष्णता झाली’ म्हणून सब्जा आणि कोकम सरबत, झोपेला मेडिकलमधून आणलेली गोळी, आणि पाळीला थेट ‘पिशवीत काहीतरी झालंय’. या तिघींचं मूळ गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बीजकोशांत आहे, पिशवीत नाही. हे न कळल्यामुळे किती तरी बायका गरज नसताना पिशवी काढून बसतात, आणि मग वाफा तशाच चालू राहिल्या की गोंधळून जातात.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येताना तीन-चार लाख उरतात आणि पाळी कायमची थांबते त्या सुमारास हजारभर. नवीन बीजं तयार होत नाहीत. प्रत्येक बीजाभोवती पेशींचं एक आवरण असतं. महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात एक बीज पिकत असताना हे आवरण इस्ट्रोजेन तयार करतं. बीज फुटून बाहेर पडलं की उरलेल्या त्याच आवरणातून दुसरा हार्मोन तयार होऊ लागतो, प्रोजेस्टेरॉन. म्हणजे बीज पिकू लागलं की इस्ट्रोजेन मिळतं, पण प्रोजेस्टेरॉन पुरेसं मिळायला बीज बाहेर पडावंच लागतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून समजतं.

बीजं कमी उरली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी त्यांना पिकवायला जास्त जोर लावते, म्हणजे एफएसएच नावाचा हार्मोन जास्त सोडते. त्या जोराने सुरुवातीला बीज लवकर पिकतं आणि पाळी आधीच येऊ लागते. अठ्ठावीस-तीस दिवसांची पाळी चोवीस-पंचवीसवर येणं ही पुष्कळदा पहिली खूण असते, पण तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. पुढे एखाद्या महिन्यात बीज उशिरा पिकतं, एखाद्या महिन्यात पिकू लागतं पण बाहेर पडतच नाही. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे ही गडबड चाळीस-बेचाळीसला सुरू झाली तरी ती फार लवकर म्हणता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. नाव सुनंदा ठेवू. अशा बऱ्याच जणींच्या हकिगती मिळून ती झाली आहे. वय ४७, वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत राहते, काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाते. दोन मुलं, नंतर नसबंदीचं ऑपरेशन. पाळी आली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने गोल करते, आणि या सवयीचा पुढे फार उपयोग झाला. गोल होते ९ जानेवारी, २ फेब्रुवारी, १५ मार्च आणि मग एकदम २४ मे. म्हणजे अंतरं २४, ४१ आणि ७० दिवसांची. लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या अंतरात सात किंवा त्याहून जास्त दिवसांचा फरक वरचेवर पडू लागला की हा बदलाचा काळ सुरू झाला असं धरतात. साठ दिवसांहून मोठी सुट्टी पडली की त्याचा शेवटचा टप्पा आला, जो साधारण एक ते तीन वर्षं चालतो. सुनंदा मे महिन्यात या टप्प्यात शिरली.

२४ मेची पाळी नेहमीसारखी नव्हती. अकरा दिवस गेली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तासाला पॅड बदलावं लागत होतं आणि दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडत होत्या. कारखान्यातून घरी येताना घाटी चढायला तिला मध्ये दोनदा बसावं लागलं. मोठी जाऊ म्हणाली, "पिशवी काढून टाक गो, मगे कसलोच त्रास नाय." तिने स्वतः काढलेली होती, आणि ती मनापासूनच सांगत होती.

त्या सत्तर दिवसांत आत झालं ते असं. मार्चनंतर एखादं बीज पिकू लागलं, इस्ट्रोजेन तयार झालं, पण बीज बाहेर पडलं नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन मिळालं नाही. इस्ट्रोजेनचं काम पिशवीचं आतलं अस्तर वाढवणं. प्रोजेस्टेरॉन ते अस्तर धरून ठेवतं, घट्ट करतं, आणि त्याचं प्रमाण उतरलं की सगळं अस्तर एकाच वेळी सुटून चार-पाच दिवसांत निघून जातं. इथे अस्तर वाढतच गेलं. मातीच्या भिंतीवर लिंपणाचे थर एकावर एक चढवत राहिलं, मधला थर धरायला वेळच दिला नाही, तर शेवटी आज इथला तर उद्या तिथला पोपडा पडत राहतो. या अस्तराचं तसंच होतं. म्हणून असं रक्त जास्त दिवस जातं, जास्त जातं आणि कधी थांबेल याचा नेम नसतो. त्या सगळ्या काळात पिशवीला जो हुकूम मिळाला तोच तिने पाळला.

इस्ट्रोजेन चाळिशीनंतर फक्त उतरत जातं, असं पुष्कळांना वाटतं. या बदलाच्या काळात ते उतरतंही आणि मध्येच तरुणपणापेक्षा वर उसळतंही. म्हणूनच एकाच बाईला एकाच महिन्यात छाती भरून दुखणं आणि भरपूर रक्तस्राव (इस्ट्रोजेन जास्त), आणि आठवड्याभराने वाफांवर वाफा (इस्ट्रोजेन घसरलेलं) असं दोन्ही होतं. म्हणूनच पंचेचाळिशीनंतर एफएसएच किंवा सगळ्या हार्मोन्सचं महागडं पॅकेज करून घेण्यात फारसा अर्थ नसतो. आजचा आकडा आणि पंधरा दिवसांनंतरचा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. कॅलेंडरवरचे गोल त्याहून जास्त सांगतात.

आता वाफ का येते ते पाहू. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र आहे, आणि त्याच्या शेजारीच बीजकोशांच्या कामावर नजर ठेवणाऱ्या काही चेतापेशी आहेत. इस्ट्रोजेन या पेशींना आवरून धरतं. ते घसरलं की त्या अतिउत्तेजित होतात आणि शेजारच्या तापमान केंद्रालाही चेतवतात. एरवी शरीराचं तापमान थोडं वर-खाली झालं तर हे केंद्र लक्ष देत नाही. आता ही सोसण्याची मर्यादा इतकी आखडते की किंचित वाढ झाली तरी शरीर फार तापल्यासारखी धावपळ सुरू होते. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो, हृदय जोरात चालतं. चहाचा गरम घोट, चुलीसमोर बसणं, तिखट सार, अंगावर जाड कपडा, मनस्ताप, यांतलं काहीही तेवढ्याला पुरतं. या पेशींवर नेमकं काम करणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालं, तेव्हा ही यंत्रणा कागदावरची नाही हे पक्कं झालं.

किनाऱ्यावर राहणाऱ्या बाईला याचा त्रास एका कारणाने जास्त जाणवतो. घाम येऊन गारवा मिळतो तो घाम वाळला तरच. समुद्राकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून इथे पाण्याचे हबके मारण्यापेक्षा वारा महत्त्वाचा. पंखा छतावरचा असला तरी एक टेबलफॅन थेट अंगावर येईल असा ठेवावा. नायलॉनचा किंवा सिंथेटिक गाऊन टाकून जुनं सुती पातळ किंवा सैल सुती गाऊन घालावा आणि उशाशी कोरडा टॉवेल ठेवावा. ओला कपडा तसाच अंगावर राहिला की पाठोपाठ येणारी हुडहुडी झोप पुरती घालवते.

झोपेचं खोबरं मात्र फक्त वाफांनी होत नाही. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात एक असा पदार्थ तयार होतो जो मेंदूला शांत करतो, झोपेच्या गोळ्या मेंदूत जिथे काम करतात साधारण तिथेच. बीज बाहेर पडलं नाही की हा आधार त्या महिन्यापुरता जातो आणि झोप उथळ होते. मग कोंबडा, कुत्रा, नवऱ्याचं घोरणं, जे आधी ऐकूही येत नव्हतं, ते सगळं जागं करतं. सुनंदाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. अंथरुणावर पडलं की पायांत वळवळ व्हायची, पाय हलवल्याशिवाय चैन पडायचं नाही. हे पुष्कळदा शरीरातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं. म्हणजे पाळीत गेलेलं रक्त रात्रीच्या झोपेतून वसूल होत होतं. अशा बाईला झोपेची गोळी देऊन लोह न देणं म्हणजे मुळावर इलाज न करता वरवर मलम लावणं. झोपेच्या गोळ्या स्वतःहून आणून घेऊ तर नयेच, त्यांची सवय लागते.

सुनंदा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेली. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी कॅलेंडर पाहिलं, आणि मग पहिली तपासणी सांगितली ती गरोदरपणाची. नसबंदी झालेली असताना, सत्तेचाळिसाव्या वर्षी, हे तिला चमत्कारिक वाटलं. पण सत्तर दिवस पाळी चुकली असेल तर आधी ती शक्यता दूर करावीच लागते, आणि नसबंदी क्वचित का होईना फसते. ज्यांची नसबंदी झालेली नाही त्यांनी पाळी लांबली म्हणून गर्भनिरोधक सोडू नये. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची, असा नियम सांगितला जातो.

मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, बाईला ते निदान १२ हवं. थायरॉइडची टीएसएच तपासणी ठीक होती. ती करावी लागते, कारण थायरॉइड बिघडलं तरी पाळी बिघडते, घाम येतो किंवा झोप उडते आणि हे सगळं हुबेहूब पाळी जाण्यासारखं दिसतं. सोनोग्राफीत अस्तर १६ मिलिमीटर जाड होतं आणि पिशवीच्या बाहेरच्या बाजूला दोन सेंटिमीटरची एक गाठ होती. ‘गाठ’ शब्द कागदावर वाचून घरात रडारड झाली. अशा फायब्रॉइडच्या गाठी या वयात पुष्कळ जणींना असतात, त्या कर्करोगाच्या नसतात, आणि बाहेरच्या बाजूची एवढी लहान गाठ असा रक्तस्राव करत नाही. आतल्या पोकळीत घुसलेली गाठ करते. म्हणून गाठ आहे का यापेक्षा ती कुठे आहे हे विचारायचं.

यातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी पुढची. वय पंचेचाळीसच्या पुढे आणि रक्तस्राव असा अनियमित असेल तर अस्तराचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवा. बारीक नळी आत घालून काही मिनिटांत तो घेता येतो, पाळीसारखी कळ येते, त्याच दिवशी घरी जाता येतं. प्रोजेस्टेरॉनशिवाय वाढत राहिलेल्या अस्तरात कधी कधी पेशी बिघडू लागतात, आणि त्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो. वजन जास्त असलेल्या आणि मधुमेह असलेल्या बायकांत हा धोका जास्त. सुनंदाच्या तुकड्यात अस्तर अस्ताव्यस्त वाढलेलं होतं, पण पेशी बिघडलेल्या नव्हत्या. पिशवी काढायची की नाही हा प्रश्न या अहवालाच्या आधी कुणी विचारूच नये, असं मला ठामपणे वाटतं.

अहवाल असा असेल तर इलाज सरळ आहे. जे कमी पडलं ते द्यायचं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचा हार्मोन. तो ठरावीक दिवस गोळ्यांनी देता येतो किंवा लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारी तांबी पिशवीत बसवून. ही तांबी थेट अस्तरावर काम करते, अस्तर पातळ ठेवते आणि काही वर्षं टिकते. पहिले तीन-चार महिने अधूनमधून डाग लागतात, नंतर रक्तस्राव खूपच कमी होतो. डाग दिसले म्हणून घाबरून बायका ती दुसऱ्याच महिन्यात काढून घेतात. बसवतानाच कुणी नीट सांगितलं तर असं होणार नाही. जास्त रक्त जाण्याच्या चार-पाच दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या रक्तस्राव कमी करतात. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल त्यांना त्या देत नाहीत.

सोबत लोहाची गोळी. ती दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी आणि मागेपुढे तासभर चहा घेऊ नये. चहा लोह अडवतो, आणि आपल्याकडे गोळी चहाबरोबरच घेतली जाते. शौच काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. सुनंदाचं हिमोग्लोबिन दोन महिन्यांत ११ च्या वर गेलं आणि पायांची वळवळ थांबली. हिमोग्लोबिन भरल्यावरही गोळ्या तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, कारण शरीरातला साठा त्यानंतर भरतो.

जावेच्या सल्ल्याकडे परत येऊ. पिशवी काढणं काही वेळा योग्यच असतं. अस्तराच्या पेशी बिघडलेल्या असतील, गाठी मोठ्या असतील, औषधं आणि तांबी दोन्ही करून रक्त थांबत नसेल, तर ते ऑपरेशन बाईचा जीव वाचवतं. पण वाफा आणि झोप यांवर तो इलाज नाही, कारण बीजकोश आत असले तर त्यांचा चढउतार चालूच राहतो. बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात जातं. वाफा जोरात सुरू होतात, आणि जितकं वय कमी तितकं हाडांचं आणि हृदयाचं नुकसान जास्त. म्हणून ऑपरेशन ठरलंच तर बीजकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार असतील तर का, हे सही करण्याआधी विचारायचं.

तांबी बसल्यावर सुनंदाची पाळी सावरली, पण वाफा गेल्या नाहीत, आणि जाणारही नव्हत्या, कारण तांबीत इस्ट्रोजेन नसतं. वाफा सरासरी सातेक वर्षं चालू शकतात, तेव्हा ‘जातील आपोआप’ म्हणून सोसत बसणं प्रत्येकीला परवडत नाही. सगळ्यात जास्त गुण येतो तो थोड्या प्रमाणात इस्ट्रोजेन देऊन. वाफांची संख्या सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होते. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, सोबत अस्तराला सांभाळणारं प्रोजेस्टेरॉन लागतंच. सुनंदाला तांबीतून ते मिळत होतं, म्हणून कातडीवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल पुरलं. जेल किंवा चिकटपट्टी वापरली तर रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो.

हार्मोन म्हटलं की स्तनाच्या कर्करोगाची भीती समोर येते. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या बातम्यांनी ती जगभर पसरली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. दोन्ही हार्मोन काही वर्षं घेतल्यास धोका थोडा वाढतो हे खरं आहे, पण साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि त्रास खूप असलेल्या निरोगी बाईसाठी फायदा सहसा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार चालू असेल किंवा रक्तस्रावाचं कारण अजून सापडलं नसेल, तर मात्र हे औषध देत नाहीत. त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन किंवा रात्री घ्यायचं गॅबापेंटिन अशी बिनहार्मोनची औषधं आहेत. गुण थोडा कमी येतो, पण येतो.

तांबीमुळे पाळी दिसेनाशी झाली तर ती खरोखर गेली की तांबीने झाकली, हे नुसत्या कॅलेंडरवरून सांगता येत नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. तांबी किंवा हार्मोन काहीच न घेणाऱ्या बाईने शेवटच्या पाळीपासून पूर्ण बारा महिने मोजायचे. अकराव्या महिन्यात पाळी आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बारा महिने झाल्यानंतर एकदाही रक्त दिसलं, अगदी अंडरवेअरला पुसटसा डाग असला, दुखत नसलं, तरी ‘राहिलेली पाळी आली’ असं समजायचं नाही. त्याच आठवड्यात जाऊन सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराची तपासणी करून घ्यायची.